टिपकागद आणि राहून गेलेलं उत्तर

वकीलबाईंच्या ऑफिसात ती इंटर्न म्हणून आली आणि आठवडा उलटायच्या आत तिथल्या कारकूनकाकांनी तिचं नाव टिपकागद ठेवलं. कारण उघड होतं. समोर कोणी काही बोललं की हिची मान खाली आणि हात सुरू. एकदा काकांनी चहावाल्याला फोनवर चार चहा सांगितले, त्यातला एक बिनसाखरेचा, तर तेही हिच्या कागदावर उतरलं होतं. काका म्हणाले, "पोरी, एवढं तरी सोड. चहावाला साक्ष फिरवणार नाही."

घरीही तिची थट्टा चालायची. वडील शाळेची व्हॅन चालवायचे, आई इस्पितळात नर्स. घराण्यात कोर्टाची पायरी कोणी चढलं नव्हतं, आणि चढलं नाही याचाच सगळ्यांना अभिमान होता. मुलगी आपण होऊन तिथे जायला निघाली, तेव्हा आत्याने विचारलं होतं, "एवढं काय बिघडलं गं तुझं?" रात्री जेवताना वडील रोज एकच प्रश्न विचारायचे, आज कोण जिंकलं. ती रोज एकच उत्तर द्यायची, कोणी नाही, तारीख पडली.

पण तारीख पडली तरी ती घरी यायची ती भारावूनच. हे तिला कोणाला नीट सांगता येत नसे. बाहेरून पाहिलं तर कोर्टाची ती खोली काही देखणी नव्हती. भिंतींचा रंग उडालेला, पंखा घरघर करणारा, बाकांवर कोणीकोणी नखांनी काढलेल्या रेघा. दारापाशी शिपाई उभा राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचा, आणि ती नावं व्हरांड्यात अशी काही घुमायची की बोलावलेला माणूस स्वतःचंच नाव ओळखायला क्षणभर थांबायचा. मग न्यायाधीश येत. सगळे उठत. अंगाने किरकोळ, थर्मासमधलं गरम पाणी घोटघोट पिणारे गृहस्थ. रस्त्यात भेटले असते तर कोणी वळून पाहिलं नसतं. ते इतक्या हळू बोलत की त्यांचं ऐकण्यासाठी सगळ्या खोलीला गप्प बसावं लागे. ओरडून शांतता आणणारी माणसं तिने शाळेपासून पाहिली होती. हळू बोलून आणणारा हा पहिलाच.

तिला सगळ्यात नवल वाटे ते साक्ष नोंदवण्याचं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून भरकटत असतो. भाचीचं लग्न, गुडघेदुखी, शेजाऱ्याचा कुत्रा, सगळं त्यात येतं. न्यायाधीश ऐकून घेत, क्षणभर थांबत, आणि लघुलेखकाला एक वाक्य सांगत. त्या वाक्यात साक्षीदाराचं बोलणं सगळं असे आणि पाल्हाळ काहीच नसे. मग ते साक्षीदाराला विचारत, "असंच म्हणायचंय ना तुम्हाला?" आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला नीट बोलता आल्यासारखा तो माणूस मान डोलवत असे.

टिपणं कशी घ्यायची ते वकीलबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. डावीकडे समास सोड आणि तिथे कोण बोललं ते लिही. वकील बोलतो तो पुरावा नव्हे. न्यायाधीश विचारतात तो निकाल नव्हे. उलटतपासणीत वकील साक्षीदाराला म्हणतो, तुम्ही अमुक केलंत. ते झालं वकिलाचं म्हणणं. साक्षीदार हो किंवा नाही म्हणेल तेवढाच पुरावा. दिवस संपला की एका पानाचा सारांश कर. वाद कोणाचा कोणाशी, मागणी काय, कशावरून भांडण, पुराव्यात काय आलं, काय राहिलं. बाईंचं शेवटचं वाक्य तिने जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं: "ऐकलंस ते लिही. तुला वाटलं ते माझ्या कपाळी मारू नकोस."

तिने स्वतःची एक पद्धत बसवली. उलटतपासणीत प्रश्न भराभर येतात, म्हणून ती आधी प्रश्नाचं वाक्य लिहायची आणि उत्तर आलं की पुढे खूण करायची. हो असेल तर बरोबरची, नाही असेल तर फुलीची. हात बसला होता. काकाही म्हणाले होते की एवढ्या वेगाने तर आमचा लघुलेखकसुद्धा जांभई देत नाही.

बाईंचे पक्षकार बाइंडरकाका यांच्यावरचा दावा त्या महिन्यात शेवटाला आला होता. हे काका पुस्तकं बांधायचे. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचा एक लहानसा गाळा होता, भाड्याचा. आत लोखंडी दाबयंत्र, पुस्तकं चिकटवायच्या खळीचं भांडं, कापडाचे तागे आणि खिळखिळ्या पुस्तकांचे गठ्ठे. गाळ्याच्या मालकाने तो रिकामा करून मागितला होता. कायद्यात एक कलम आहे, भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला ती परत मागता येते. काकांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ते बराच काळ अंथरुणाला खिळून होते, हे खरंच होतं. मालकाचं म्हणणं, तेव्हा दुकान बंद पडलं ते पडलंच. काकांचं म्हणणं, त्या काळात मुलगी दुकान चालवत होती. मुलीने तशी साक्षही दिली होती. पण मुलगीच ती. बापाच्या बाजूनेच बोलणार, असं मालकाच्या वकीलसाहेबांनी आधीच म्हणून ठेवलं होतं.

काकांना दुसरं काही येत नव्हतं. दाबयंत्र घरी न्यावं तर घराचा जिनाच इतका अरुंद की ते वर चढेना. गाळा गेला की धंदा गेला. हे त्यांनी वकीलबाईंच्या ऑफिसात अगदी सहज, दुसऱ्याचं सांगावं तसं सांगितलं होतं, आणि सांगता सांगता टेबलावरच्या एका फाटक्या कायद्याच्या पुस्तकाचा कणा बोटांनी चाचपून पाहिला होता.

एकच साक्षीदार राहिला होता, शेजारचा रंगवाला. त्याचं रंगाचं दुकान गाळ्याला लागूनच, भिंत एकच. मालकाने त्याला बोलावलं होतं. पण मध्ये तो आजारी पडला, म्हणून दोन्ही बाजूंच्या संमतीने त्याची साक्ष सगळ्यात शेवटी ठेवली होती. न्यायाधीशांनी सांगून टाकलं, सकाळी साक्ष संपवा, युक्तिवाद आजच दुपारी ऐकतो.

रंगवाला पिंजऱ्यात चढला आणि ठामपणे म्हणाला की दुकान बंद होतं. पाटी आत घेतलेली, बाहेरचा दिवा विझलेला. वकीलबाई उलटतपासणीला उठल्या. प्रश्नांमागून प्रश्न झाले. तुमचा काउंटर रस्त्याकडे तोंड करून आहे? हो. बाइंडरच्या गाळ्याचं शटर तुम्हाला तिथून दिसत नाही? तसं दिसत नाही. खुणा पडत गेल्या. मग बाईंनी विचारलं की त्याच काळात तुम्ही नातीचा शब्दकोश बांधायला त्या दुकानात दिलात आणि बाइंडरच्या मुलीकडून परत आणलात, बरोबर?

रंगवाल्याने मान खाली घातली. तेवढ्यात वकीलसाहेब उठले. एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत, त्यांची हरकत. त्यावर दोघांची जुंपली. न्यायाधीश म्हणाले, "एका वेळी एक विचारा." बाई प्रश्न तोडून विचारणार, इतक्यात काकांची मुलगी मागून वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी म्हणाली, पाटी रंगवायची होती म्हणून आत घेतली होती. बाईंनी तो धागा पकडला आणि पाटीबद्दल विचारत गेल्या. टिपकागदचा हात त्यांच्यामागे धावला.

मधल्या सुट्टीत बाईंनी डब्याचं झाकण उघडता उघडता सांगितलं, सारांश आत्ताच हवा, दुपारी तोच हातात घेऊन उभी राहते. जबानी अजून टाइप होत होती, तिची प्रत मिळायला अर्ज करावा लागतो, तेवढा वेळ नव्हता. टिपकागद वकिलांच्या खोलीत एका कोपऱ्यात बसली. कोणीतरी भाजीत मीठ नाही म्हणून बायकोच्या नावाने कुरकुरत होतं, कोणी कोट खुर्चीला टांगून डुलकी घेत होतं. ती पानं उलटत भराभर लिहीत गेली. शब्दकोशाच्या ओळीशी आली तेव्हा डोळ्यांपुढे रंगवाल्याची खाली गेलेली मान उभी राहिली. तिने लिहिलं: साक्षीदाराने मान्य केले की त्या काळात त्याने नातीचा शब्दकोश बाइंडरच्या मुलीकडून बांधून घेतला. आणि पुढच्या ओळीला लागली.

दुपारी जबानीचे टाइप केलेले कागद न्यायाधीशांच्या टेबलावर आले. रंगवाल्याची त्यावर सही व्हायची होती, म्हणून तो भिंतीशी बसून होता. बाइंडरकाका मागच्या बाकावर, इस्त्रीचा सदरा घालून, काठी दोन गुडघ्यांत धरून. वकीलसाहेबांचा युक्तिवाद आधी झाला. मग बाई उठल्या. त्या दिवशी त्यांचा सूर चांगलाच लागला होता. एकेक मुद्दा मांडत त्या सारांशाच्या त्या ओळीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या की मालकाचा स्वतःचा साक्षीदारच कबूल करतो की दुकान चालू होतं. त्याने आपल्या नातीचा शब्दकोश तिथूनच बांधून घेतला.

वकीलसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी घाईने आपले कागद चाळले. त्यांनाही नक्की आठवत नसावं. हरकत घेण्याच्या भरात पुढचं कोणाला आठवतं? आणि न्यायाधीशांनी पेन उचलून ते वाक्य लिहायला घेतलं.

टिपकागदने सहज म्हणून आपल्या टिपणाचं पान काढलं. आपली ओळ न्यायाधीशांच्या कागदावर चाललीय म्हणून तिला जरा मिरवावंसं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. पान सापडलं. शब्दकोशाचा प्रश्न होता. त्याच्यापुढे खूण नव्हती. बरोबरची नाही, फुलीचीही नाही. खाली हरकत, त्याखाली पाटी.

उत्तर आलंच नव्हतं. मान खाली घालणं म्हणजे हो, हे तिने ठरवलं होतं. साक्षीदाराने नव्हे. आणि आता ते तिच्या हातातून बाईंच्या तोंडी, आणि बाईंच्या तोंडून न्यायाधीशांच्या पेनात गेलं होतं. ते पेन चालताना तिला दिसत होतं. एवढ्या भारदस्त खोलीत, एवढ्या सावकाश, एवढ्या विश्वासाने तिचं खोटं लिहून घेतलं जात होतं.

इंटर्नला कोर्टात बोलता येत नाही. तिला गप्प राहता येत होतं. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. कदाचित येणारही नव्हतं. मागे काका बसले होते आणि तो मुद्दा गेला तर त्यांच्या बाजूला मुलीची साक्ष सोडून फारसं काही उरत नव्हतं. चिठ्ठी लिहिली तर गाळा आपल्याच हाताने मालकाला दिल्यासारखं होईल, असं तिला स्पष्ट वाटलं. तिने मागे वळून पाहिलं. काका तिच्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं, पोरीला आपलं चाललंय ते चांगलं चाललंय असं सांगायचं आहे.

तिने चिठ्ठी लिहिली. "मॅडम, शब्दकोशाचं उत्तर माझ्या टिपणात नाही. हरकतीनंतर प्रश्न पुन्हा विचारला गेलाच नाही. सारांशात मी माझ्या मनाने घातलं." आणि पुढे वाकून ती बाईंच्या कागदांवर ठेवली.

बाई वाक्याच्या मध्यावर होत्या. त्यांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला. आता आपली इंटर्नशिप संपली, असं टिपकागदला वाटलं. पण बाईंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सर," त्या म्हणाल्या, "शब्दकोशाबद्दल मी आत्ता जे म्हटलं ते मागे घेते. साक्षीदाराने तसं कबूल केलेलं नाही. माझा प्रश्न हरकतीमुळे अडला आणि मी तो परत विचारला नाही. चूक माझी आहे."

वकीलसाहेब अर्धवट उठले होते ते तसेच राहिले. ज्या गोष्टीवर तुटून पडायचं ती समोरच्याने आपण होऊन टाकून दिली तर काय करायचं, याची त्यांना सवय नसावी. न्यायाधीशांनी जबानीचे कागद वरपासून खालपर्यंत वाचले. सावकाश वाचले. मग आपल्या कागदावरची ती ओळ खोडली. पेन एकदाच फिरलं. एवढी साधी गोष्ट, पण टिपकागद त्या पेनाकडे बघत राहिली.

"इथे खरंच काही नाही," न्यायाधीश म्हणाले. थोडं पाणी प्यायले. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "रंगवाले इथेच आहेत ना? त्यांना पुन्हा पिंजऱ्यात येऊ दे. मला एक विचारायचंय."

वकीलसाहेब म्हणाले की साक्ष संपली आहे.

"माहीत आहे. न्यायालयाला प्रश्न कधीही विचारता येतो. माझा झाला की तुम्हीही विचारा, बाईही विचारतील."

रंगवाला आला. सकाळच्या शपथेची त्याला आठवण करून दिली गेली. न्यायाधीशांनी शब्दकोशाचं नावही काढलं नाही. त्याच हळू आवाजात त्यांनी विचारलं, "बाइंडर आजारी होते त्या काळात तुमचा त्या दुकानाशी काही संबंध आला होता का?"

रंगवाला लगेच बोलला नाही. न्यायाधीशांनी घाई केली नाही. ते नुसते वाट पाहत बसले, आणि त्यांच्यासोबत सगळी खोली. ती शांतता टिपकागद जन्मात विसरली नाही. कोणी त्या माणसाला दटावत नव्हतं, फूस लावत नव्हतं, कोंडीत पकडत नव्हतं. त्याच्या खऱ्या बोलण्यासाठी फक्त जागा करून दिली होती, आणि ती जागा त्याच्यापुढे तशीच मोकळी पडली होती.

"आला होता," तो अखेर म्हणाला. "नातीचा शब्दकोश फाटला होता. शटर अर्धं वर असायचं. मी वाकून आत गेलो. यांची मुलगी खाली बसून शिवत होती." मग थोडं थांबून म्हणाला, "मालकांनी मला एवढंच विचारलं होतं, पाटी होती का, दिवा होता का. ते नव्हतं. म्हणून मी बंद म्हटलं."

"एकदाच गेलात?"

"द्यायला एकदा, आणायला एकदा. मध्ये एकदा विचारायला गेलो तेव्हा म्हणाली, अजून चार पुस्तकं तुमच्या आधी आहेत."

न्यायाधीशांनी ते लघुलेखकाला सांगितलं. वकीलसाहेबांनी विचारलं, रोज शटर वर असायचं असं तुम्ही म्हणू शकाल का? रंगवाला म्हणाला, रोजचं कसं सांगू, मला तिथून दिसत नाही. तेही लिहिलं गेलं. बाईंनी काहीच विचारलं नाही.

बाहेर व्हरांड्यात टिपकागद भिंतीला टेकून उभी होती. बोलणी खायची तयारी ठेवली होती. बाई आल्या, फाइल तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सारांश नव्याने लिही. आणि त्यात येऊ दे की उलटतपासणी करणाऱ्या वकिलाने प्रश्न अर्धवट सोडला. ऐकलंस ते लिही म्हटलंय ना? मग माझंही लिही." दोन पावलं पुढे जाऊन थांबल्या. "रिकामं दिसलं की यापुढे मला रिकामंच सांगायचं. भरायचं काम माझं नाही आणि तुझं तर नाहीच."

कारकूनकाकांनी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की बाईंना कोर्टात शब्द मागे घेताना पाहायचं माझं स्वप्न या पोरीने पुरं केलं, आता मी सुखाने निवृत्त होतो. बाई आतून म्हणाल्या, खुशाल व्हा.

निकाल पुढच्या पंधरवड्यात आला. तो ऐकायला टिपकागद मुद्दाम गेली. न्यायाधीशांनी शेवटचा भाग वाचून दाखवला. साक्षीदार स्वतंत्र होता, मालकाने आणलेला होता, आणि भाडेकरूच्या विरुद्ध बोलायला आलेला होता. त्याच्याच सांगण्यावरून दिसतं की आजारपणातही कुटुंबीयांमार्फत जागेचा वापर चालू होता. दावा फेटाळण्यात येत आहे. एवढ्या अवघड दिवसाचा एवढाच निचोड, आणि तो त्या हळू आवाजात, जणू शेजाऱ्याला वेळ सांगावी तसा.

बाइंडरकाकांना काही उमगलं नाही. मोठ्या शब्दांच्या भीतीने ते काठी घट्ट धरून बसले होते. टिपकागद त्यांच्याजवळ गेली.

"काय म्हणाले गं?" त्यांनी विचारलं.

आपण हे सांगणार आहोत हे तिला तोवर सुचलंच नव्हतं. सारांश लिहायची सवय झालेली मुलगी, तिने त्यांच्या कामाचं तेवढंच सांगितलं. "मालकाची मागणी नामंजूर झाली, काका. ते वरच्या कोर्टात जाऊ शकतात, अजून मुदत आहे. पण आज गाळा तुमच्याकडेच राहिला."

"म्हणजे आज उघडू?"

"उघडा."

ते उठले. डोळे पुसले नाहीत, हात जोडले नाहीत. काठी टेकत दारापर्यंत गेले, मग वळून मुलीला म्हणाले की चल लवकर, सकाळी खळ शिजवून ठेवलीय, ऊन चढलं की ती उतरते. आणि बापलेक व्हरांड्यातल्या गर्दीत दिसेनासे झाले. आत शिपाई पुढच्या दाव्याचा पुकारा करत होता. टिपकागद परत आपल्या जागेवर येऊन बसली. समोर कोणी तरी नवा माणूस पिंजऱ्यात चढत होता, कठड्याला हात लावू की नको अशा विचारात.